एकाच गणिताच्या दोन चुका

शंभर रुपयांचा एक शेअर घेऊ. वर्षाला दहा टक्के दराने वाढण्याकडे त्याचा कल आहे, पण वाटेत तो हेलकावे खातो, आणि त्या हेलकाव्यांचं वार्षिक प्रमाण वीस टक्के आहे. अशा किमतीचा प्रवास ज्या समीकरणाने मांडतात त्याला यादृच्छिक विकलक समीकरण म्हणतात. नेहमीच्या विकलक समीकरणाला धक्के देणारी एक जास्तीची संज्ञा जोडली की ते तयार होतं.

संगणकाकडून ते सोडवून घ्यायचं तर काळाचे तुकडे पाडावे लागतात. ऑयलरची अठराव्या शतकातली युक्ती अगदी साधी आहे: तुकड्याच्या सुरुवातीला जो वेग असेल तोच तुकडाभर टिकतो असं धरायचं आणि पुढे सरकायचं. जपानी गणिती गिसिरो मारुयामा यांनी १९५५ साली धक्के असलेल्या समीकरणांसाठी ती अभ्यासली, म्हणून तिला ऑयलर-मारुयामा पद्धत म्हणतात. आपल्या शेअरसाठी तिची एक पायरी अशी:

```
X_next = X * (1 + 0.1*h + 0.2*dW)
```

इथे `h` म्हणजे पायरीची लांबी, महिन्याची पायरी असेल तर १/१२ वर्ष. `dW` हा त्या महिन्याचा धक्का. त्याची सरासरी शून्य आणि प्रमाण विचलन `h`चं वर्गमूळ. हे वर्गमूळ लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडतं.

या समीकरणाचं अचूक उत्तर सूत्राने माहीत आहे, त्यामुळे चूक थेट मोजता येते. पण मोजायची कोणती? तेच बारा धक्के सूत्रात घातले तर वर्षअखेरीची किंमत किती येते आणि ऑयलरची किती, हा एक प्रश्न. तो एकेका मार्गाबद्दल आहे, आणि त्याच्या उत्तराला प्रबळ अभिसरण म्हणतात. दुसरा प्रश्न फक्त सरासरीचा: अनेक मार्गांची सरासरी खऱ्या सरासरीपासून किती दूर पडते? हे दुर्बळ अभिसरण.

दुसऱ्याचं उत्तर कागदावर काढता येतं. धक्क्यांची सरासरी शून्य असल्याने ते गळून जातात आणि उरतं ते बँकेचं मासिक चक्रवाढ व्याज. शंभराचे वर्षाने ११०.४७ रुपये होतात. क्षणोक्षणी वाढ धरली तर खरी सरासरी ११०.५२. फरक साधारण साडेचार पैशांचा. पहिल्या प्रश्नात मात्र एकेका मार्गावरची चूक सरासरीने सुमारे ७० पैसे निघते. आता बाराऐवजी ४८ पायऱ्या घ्या. मार्गावरची चूक सुमारे ३५ पैशांवर येते, म्हणजे निम्मी. सरासरीतली चूक सव्वा पैशाच्याही खाली जाते, म्हणजे चौथाई. काम दोन्हीकडे चौपटच वाढलं. म्हणूनच या पद्धतीची प्रबळ कोटी अर्धी आणि दुर्बळ कोटी एक असं म्हणतात.

असं का होतं ते एकाच महिन्यात दिसतं. शंभरावरून निघालो आणि महिनाभर धक्काच बसला नाही, तर ऑयलर सांगतो १००.८३ आणि अचूक सूत्र सांगतं १००.६७. ऑयलर सोळा पैशांनी वर. आता दोन प्रमाण विचलनांएवढा मोठा धक्का वरच्या दिशेने द्या: ऑयलर ११२.३८, खरं उत्तर ११२.९९. ऑयलर एकसष्ट पैशांनी खाली. तेवढाच धक्का खालच्या दिशेने दिला तर ऑयलर ८९.२९, खरं उत्तर ८९.६९. पुन्हा ऑयलरच खाली.

म्हणजे चूक धक्क्याच्या दिशेकडे पाहत नाही, आकाराकडे पाहते. शांत महिन्यात एक चिन्ह, वादळी महिन्यात दुसरं. सूत्ररूपात तिचा मुख्य भाग `0.02*X*(dW**2 - h)` असा आहे. धक्क्याच्या वर्गाची सरासरी नेमकी `h` असते, त्यामुळे कंसाची सरासरी शून्य. पण एखाद्या ठरावीक महिन्यात तो शून्य नसतो. आपल्या उदाहरणात ही दर महिन्याची चूक साधारण चोवीस पैशांची आहे.

आता पायरी चौथाई करा. धक्क्याचा वर्ग `h`च्या प्रमाणात असल्याने प्रत्येक चूक चोवीसवरून सहा पैशांवर येते, पण चुकांची संख्या चौपट होते. सगळ्या एकाच दिशेने साचल्या असत्या तर पायऱ्या बारीक करून काहीच हाती लागलं नसतं. मात्र त्यांची चिन्हं बेभरवशाची आहेत, त्या एकमेकींना खोडतात, आणि अशी बेरीज संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच वाढते. चौपटीचं वर्गमूळ दोन. चौथाई गुणिले दोन म्हणजे निम्मं. प्रबळ कोटी अर्धी येते ती इथून.

सरासरी घेतली की खोडाखोड पुरी होते आणि हा भाग निघून जातो. मागे उरते ती एकाच दिशेची बारीक चूक, चक्रवाढीतली: महिन्याला जेमतेम एक तृतीयांश पैसा. तिचं प्रमाण `h`च्या वर्गाएवढं आहे. पायरी चौथाई केली की ती सोळावा हिस्सा होते, संख्या चौपट, म्हणून एकूण चौथाई. सरासरी किमतीऐवजी किमतीच्या एखाद्या गुळगुळीत फलनाची काढली तरी कोटी एकच राहते, कारण वरखाली सारखी असलेली ती चूक धक्क्याच्या दिशेशी जुळून येत नाही. देनिस तले आणि लुचानो तुबारो यांनी १९९० मध्ये या चुकीचा सविस्तर विस्तार मांडला. सरासरीला मार्गाशी किती कमी देणंघेणं आहे याचा मला सर्वात आवडणारा पुरावा असा: `dW`च्या जागी नाणं उडवून अधिक किंवा उणे `h`चं वर्गमूळ घाला, दुर्बळ कोटी एकच राहते.

एकदा एक विद्यार्थिनी हिरमुसून आली. ‘सर, दहा हजार मार्ग घेतले, तरी पायऱ्या वाढवून सरासरी सुधारतच नाही.’ तिचा प्रोग्राम बरोबर होता. पण वर्षअखेरीच्या किमतीचं प्रमाण विचलन बावीस रुपयांच्या वर आहे, म्हणून दहा हजार मार्गांच्या सरासरीतच बावीस पैशांची डगमग असते. साडेचार पैशांची चूक त्यात दिसणार कशी? ती डगमग एका पैशावर आणायला पन्नास लाख मार्ग लागले असते. मी तिला म्हटलं, ‘प्रत्येक मार्गावर तेच धक्के सूत्रालाही दे आणि दोन उत्तरांच्या फरकाची सरासरी काढ.’ फरक रुपयाच्या आसपासच हलतो, त्यामुळे तेवढ्याच दहा हजार मार्गांत डगमग पैशाखाली गेली आणि तिचा आलेख सरळ उतरला. प्रबळ चूक मोजतानाही हेच पथ्य: मोठ्या पायरीचा धक्का म्हणजे लहान पायऱ्यांच्या त्याच धक्क्यांची बेरीज. नवे आकडे घेतले की चूक उतरायचं नाव घेत नाही.

मार्गच हवा असेल तर तो `0.02*X*(dW**2 - h)` भाग प्रत्येक पायरीत मिळवून टाकायचा. ही मिलस्टाइन यांची १९७४ ची दुरुस्ती, आणि तिने प्रबळ कोटीही एक होते. हेलकाव्याचं प्रमाण किमतीवर अवलंबून नसेल तर हा भाग मुळातच शून्य असतो आणि साधा ऑयलरही तेवढंच देतो. नुसती सरासरी हवी असेल तर या दुरुस्तीने दुर्बळ कोटी वाढत नाही. मात्र ‘किंमत मध्ये कधीही नव्वदखाली गेली तर करार रद्द’ अशी अट आली की साध्या ऑयलरची दुर्बळ कोटीही अर्ध्यावर घसरते, कारण दोन तारखांच्या मध्ये मारलेली बुडी त्याला दिसतच नाही.