चौऱ्याहत्तर आणि त्यापुढचा कंस

मानसशास्त्रज्ञांनी दिलेल्या अहवालात एक ओळ असते : ‘एकूण बुद्ध्यांक ७४ (६९–८१)’. घरातले सगळे ७४ वाचतात आणि कंस सोडून देतात. समजा, हा अहवाल नऊ वर्षांच्या एका मुलीचा आहे. तिला मीरा म्हणू. बुद्ध्यांक ७०च्या आसपास किंवा त्याखाली असला की बौद्धिक अक्षमतेची शंका घेतली जाते, एवढं आईबाबांनी कुठंतरी वाचलेलं असतं. त्यामुळे ‘चार गुणांनी वाचली’ असं म्हणून ते सुस्कारा सोडतात. कंसातले आकडे मात्र त्यांना तो सुस्कारा सोडू देत नाहीत, कारण त्यांची सुरुवातच ६९पासून आहे.

आणखी एक गंमत बघा. ७४पासून ६९ पाच गुण खाली आहे, तर ८१ सात गुण वर. कंस दोन्ही बाजूंना सारखा नाही. ही छपाईची चूक नव्हे. त्या असमान कंसात या मापनाचं बरंचसं मर्म आहे.

मीराची चाचणी वेक्सलर पद्धतीची आहे असं धरू. मुलांच्या या चाचणीची पाचवी आवृत्ती २०१४मध्ये अमेरिकेत निघाली. तिच्या आधीच्या आवृत्तीचं भारतीय रूपही निघालेलं आहे. मूल टेबलापाशी बसतं. लाल-पांढरे ठोकळे जुळवून चित्रातली नक्षी करायची, सेकंदाला एक या चालीनं ऐकवलेले अंक तसेच म्हणायचे आणि मग उलटे म्हणायचे, शब्दांचे अर्थ सांगायचे, दोन मिनिटांत जमतील तितक्या चौकटींत नेमून दिलेल्या खुणा भरायच्या, असे वेगवेगळे भाग असतात. एकूण बुद्ध्यांक त्यांतल्या सात भागांवरून काढतात. त्याच वयाच्या मुलांची सरासरी १०० धरलेली असते आणि गुण असे बसवलेले असतात की साधारण दोन-तृतीयांश मुलं ८५ ते ११५ यांच्यामध्ये येतात. ७०च्या खाली शंभरात जेमतेम दोन मुलं असतात.

आता मीराला विचारलेले शब्द काही जगातले सगळे शब्द नव्हेत. तिच्या वाट्याला दुसरे शब्द आले असते, एखाद्या नक्षीचा शेवटचा ठोकळा वेळ संपायच्या आधी बसला असता, तर गुण थोडे बदलले असते. हा चढउतार किती, ते मोजता येतं. चाचणीचे दोन भाग पाडून एका अर्ध्यातले गुण दुसऱ्या अर्ध्यातल्या गुणांशी किती जुळतात ते पाहिलं की विश्वसनीयतेचा आकडा निघतो. चांगल्या चाचणीच्या एकूण बुद्ध्यांकासाठी तो ०.९६च्या आसपास असतो. त्यावरून मापनातली प्रमाण त्रुटी काढतात. १मधून ०.९६ वजा केले, राहिले ०.०४, त्याचं वर्गमूळ ०.२, त्याला १५नं गुणलं की ३. शंभरातल्या ९५ वेळा भरवसा हवा असेल तर याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे सहा गुण, दोन्हीकडे धरायचे.

या हिशेबानं मीराचा कंस ६८–८० यायला हवा होता. तो ६९–८१ का आला? ७४ गुण मिळालेल्या सगळ्या मुलांचा विचार करा. त्यांतल्या काहींना त्या दिवशी नशिबाची साथ होती, काहींना नव्हती. पण ७४च्या वर, ८०कडे मुलांची दाटी जास्त आहे आणि खाली ६८कडे कमी. म्हणून वरून घसरून ७४ला आलेली मुलं खालून चढून आलेल्यांपेक्षा जास्त भरतात. मीराबद्दलचा सगळ्यात चांगला अंदाज त्यामुळे ७४ नसून किंचित वर, १००च्या दिशेनं सरकलेला असतो. १०० आणि ७४ यांत २६चं अंतर आहे. त्याचे चार टक्के म्हणजे सुमारे १. अंदाज झाला ७५, आणि त्याभोवती सहा-सहा गुण धरले की ६९–८१. १३० मिळवणाऱ्या मुलाचा कंस याच नियमानं खाली झुकतो : १२३–१३५. हुशार मुलाचे आईबाप ही बाजू सहसा बघत नाहीत.

कंस काय सांगत नाही, तेही समजून घ्यायला हवं. मीराची ‘खरी बुद्धी’ ६९ ते ८१मध्ये आहे, असं तो म्हणत नाही. तीच चाचणी न थकता, न शिकता असंख्य वेळा देता आली असती तर सरासरी कुठं पडली असती, एवढ्यापुरतं ते विधान आहे. घरी मराठी बोलणाऱ्या मुलीला सूचना इंग्रजीत दिल्या, तिला ताप होता, तपासणाऱ्यानं बेरीज चुकवली, यांपैकी कशाचाही हिशेब त्या सहा गुणांत नाही. जुन्या तक्त्यांचाही नाही. अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या सरासरी गुण दर दहा वर्षांनी सुमारे तीननं वाढत गेल्याचं जेम्स फ्लिन यांनी दाखवलं. म्हणजे तिथं वीस वर्षांपूर्वीच्या मुलांशी तुलना केली तर आजचं मूल पाच-सहा गुणांनी उगाच वर दिसेल. तेव्हा कंस रुंद होत नाही, अख्खा कंसच चुकीच्या जागी जाऊन बसतो.

सहा गुणांवर माणसाचा जीव अडकू शकतो, हे अमेरिकेत दिसलं. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला फाशी देता येणार नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००२मध्ये ठरवलं होतं. फ्लोरिडा राज्यानं त्याचा अर्थ असा लावला की बुद्ध्यांक ७० किंवा कमी असेल तरच पुढचा पुरावा ऐकायचा. फ्रेडी ली हॉल हा १९७८च्या खुनाबद्दल मृत्युदंड झालेला कैदी. चाळीस वर्षांत त्याच्या नऊ चाचण्या झाल्या होत्या आणि गुण ६० ते ८० यांमध्ये होते. ७०च्या खालचे दोन निकाल पुराव्याच्या तांत्रिक कारणांनी बाजूला ठेवले गेले. उरलेले ७१ ते ८०. एका गुणानं दार बंद. २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी फ्लोरिडाचा नियम रद्द केला. न्यायमूर्ती केनेडी यांच्या निकालपत्रात प्रमाण त्रुटीचा हिशेब मांडलेला आहे : त्रुटी अडीच गुणांची धरली तर ७१चा अर्थ ६६ ते ७६. चाचणी तयार करणारेच ज्या आकड्याला पट्टा म्हणतात, त्याला राज्यानं काटेकोर रेघ मानू नये, हा त्याचा गाभा. हॉलची रोजच्या जगण्यातली कुवत काय होती याचा पुरावा त्यानंतर विचारात घेतला गेला आणि २०१६मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली.

माझ्या मते या निकालातली महत्त्वाची गोष्ट पाच गुणांची सवलत ही नाही. रेघेजवळचा आकडा आला की दुसरा पुरावा बघावाच लागतो, ही आहे. मीराच्या बाबतीत तो दुसरा पुरावा म्हणजे ती स्वतःचं स्वतः किती करते, दुकानात जाऊन सुटे पैसे आणते का, मैत्रिणींत कशी वागते. त्यासाठी वेगळ्या मापन-पद्धती आहेत, आणि बौद्धिक अक्षमतेचं निदान त्यांच्याशिवाय होत नाही.

आता ७४ या आकड्याकडेच वळू. तो एकत्रित गुण आहे. आपल्याला दहावीच्या टक्केवारीची सवय, त्यामुळे विषयांची सरासरी काढली असेल असं वाटतं. मीराच्या अहवालात पाच गट आहेत : भाषिक आकलन ८९, दृश्य-अवकाशीय ८१, तर्क ७९, कार्यस्मृती ७४, गती ६६. यांची सरासरी ७८ भरते. मग एकूण ७४ कसे?

सरासरीनं हे सुटत नाही, कारण एकत्रित गुण सरासरी नसतोच. सगळ्या भागांची बेरीज करून, अशी बेरीज किती मुलांची येते ते त्यात पाहिलेलं असतं. एखाद्या गटात ८० मिळवणारी मुलं बरीच असतात. पण पाचही गटांत ८० मिळवणारं मूल त्याहून खूप दुर्मीळ, कारण बहुतेक मुलं एकीकडे मागे पडली तर दुसरीकडे थोडी सावरतात. गटांमधला परस्परसंबंध ०.५ धरून हिशेब केला, तर पाचही गटांत ८० असलेल्या मुलाचा एकत्रित गुण ७४ येतो. वरच्या बाजूला तेच उलटं होतं : पाचही गटांत १२० असतील तर एकत्रित १२६.

आपल्याकडे या मुद्द्याला व्यावहारिक महत्त्व आहे. नागपूरला ए. जे. मालिन यांनी वेक्सलरच्या चाचणीचं भारतीय मुलांसाठी रूपांतर केलं. १९६९च्या त्या चाचणीत भागांच्या गुणांची सरळ सरासरी काढून बुद्ध्यांक सांगतात. म्हणजे सगळीकडे सारखंच मागे असणारं मूल तिथं ८० दिसेल आणि वेक्सलरच्या नव्या चाचणीत ७४. दोन अहवाल शेजारी ठेवून ‘मूल सहा गुणांनी घसरलं’ असं कुणी म्हणालं तर ते चूक. दोन वेगळ्या रीतींनी बांधलेले ते आकडे आहेत.

एकत्रित गुणाची खरी ताकद वेगळ्याच गोष्टीत आहे. एका भागातली चूक दुसऱ्यातल्या चुकीला मारते, म्हणून एकूण आकडा सगळ्यात स्थिर असतो. गतीची विश्वसनीयता सुमारे ०.८८ धरली तर मीराच्या ६६चा कंस ६१–८० इतका पसरतो. आणि शाळेतली पुढची वाटचाल साधारण कशी असेल याचा अंदाज कुठल्याही एका गटापेक्षा एकूण आकड्यावरून बरा येतो.

पण मीराला कशात मदत हवी, हे त्यातून कळत नाही. भाषिक आकलन ८९, त्याचा कंस ८२–९८, गतीचा ६१–८०. दोन्ही कंस एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत, म्हणजे हा फरक योगायोगाचा वाटत नाही. चौथ्या आवृत्तीसाठी फ्लॅनागन आणि कॉफमन यांनी सुचवलं होतं की सर्वांत वरच्या आणि खालच्या गटांत २३ किंवा जास्त गुणांचं अंतर असेल तर एकूण आकड्याचा अर्थ लावू नये. मीराचं अंतर नेमकं २३. इतर संशोधकांना हे मान्य नाही. एवढा फरक कितीतरी सर्वसाधारण मुलांत असतो आणि तरीही एकूण आकडा अंदाजाला उपयोगी पडतो, असं ते म्हणतात. मला दोघांचंही पटतं, कारण दोघं वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत आहेत. प्रमाणपत्रासाठी एकूण आकडा लागेल. वर्गात मात्र बाईंना कळायला हवं की मीराला समजतं बरंच, लिहायला वेळ लागतो. तिला फळ्यावरचं उतरवून घ्यायला जास्त वेळ द्या.

तुमच्या हातात असा अहवाल आला तर चाचणीचं नाव, तिचे तक्ते कोणत्या सालचे आणि कोणत्या मुलांवर बेतलेले, आणि प्रत्येक गटापुढचा कंस, हे मागून घ्या. कंस लिहिलेला नसेल तर अहवाल देणाऱ्यांना तो लिहून द्यायला सांगा. तो काढायला दोन मिनिटंही लागत नाहीत.