काल सांगितलेले गुपित

चॅटबॉटला मनातले गुपित सांगून मूल दुसऱ्या दिवशी परत येते आणि चॅटबॉटला त्यातले काहीच ठाऊक नसते, तेव्हा यंत्रात बिघाड झालेला नसतो. त्याची घडणच तशी आहे. ती एका कल्पित उदाहरणावरून पाहता येते.

नऊ वर्षांच्या मुलीला गणिताच्या चाचणीत वीसपैकी सहा गुण मिळाले. बाईंनी पेपरवर पालकांची सही आणायला सांगितली. तिने बाबांची सही स्वतःच ठोकली आणि पेपर देऊन टाकला. रात्री आईच्या मोबाइलवरच्या चॅटबॉटला तिने हे सगळे लिहून कळवले, कुणाला सांगायचे नाही असेही बजावले. मग मांजरांच्या, सहलीच्या गप्पा झाल्या आणि शेवटी तिने एवढेच विचारले, ‘बाईंना कळलं तर?’ काय कळले, ते लिहिले नव्हते. तरी उत्तर सहीबद्दलच आले. याच्या सगळे लक्षात राहते, अशी तिची खात्री पटली. दुसऱ्या दिवशी तिने लिहिले, ‘कालचं कुणाला सांगितलं नाहीस ना?’ उत्तरात कालच्या गोष्टीचा मागमूसही नव्हता.

दोन दिवसांत फरक पडला तो एवढाच, की आईने मधल्या वेळात नवे संभाषण उघडले होते. चॅटबॉटच्या मागचे मॉडेल म्हणजे प्रशिक्षणात ठरलेल्या अब्जावधी संख्यांचा संच. गप्पा मारल्याने त्या संख्या जागच्या हलत नाहीत. पहिल्या रात्री सहीची गोष्ट मॉडेलच्या ‘डोक्यात’ बसली नव्हतीच. मुलीने प्रत्येक ओळ धाडली, तेव्हा त्या संभाषणातला आधीचा सगळा मजकूरही अॅपने तिच्याबरोबर मॉडेलकडे पाठवला. मॉडेल दर वेळी तो पहिल्यापासून वाचते आणि पुढचे उत्तर तयार करते. नव्या संभाषणात वाचायला ती एकच ओळ होती. एका वेळी किती मजकूर वाचता येईल यालाही मर्यादा असते, म्हणून फार लांबलेल्या गप्पांत सुरुवातीची गोष्ट त्याच दिवशीही निसटू शकते.

आपल्याला काही माहीत नाही असे उत्तर आले, तर मूल हिरमुसते. किंवा हा पक्का मित्र, गुपित राखण्यासाठी मुद्दाम नाही म्हणतोय, असे समजून खूशही होते. खरा घोटाळा वेगळ्या उत्तराने होतो. मॉडेल समोरच्या वाक्याला साजेसा मजकूर रचते, त्यामुळे कधी कधी ते काही ठाऊक नसताना होकार भरते आणि गुपित सुरक्षित असल्याचे सांगून टाकते. हे ओळखण्याची रीत सोपी आहे: कसलाही धागा न देता, काल नेमके काय सांगितले होते, असे विचारायचे. उत्तर गोलमोल आले किंवा भलतीच गोष्ट आली, की तो होकार पोकळ होता हे कळते.

यंत्रापाशी मन मोकळे करण्याची ओढ मुलांपुरती नाही. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत जोसेफ वायझेनबाउम यांनी 1966 मध्ये ‘एलायझा’ या संभाषण करणाऱ्या प्रोग्रॅमची माहिती प्रसिद्ध केली. तो माणसाचेच शब्द प्रश्नाच्या रूपात परत करी. वायझेनबाउम तो तयार करीत असताना त्यांच्या सचिव ते काम पाहत होत्या. तरी त्याच्याशी थोडे बोलून होताच त्यांनी वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले.

आता काही चॅटबॉटना स्मृतीची सोय जोडलेली आहे. चॅटजीपीटीत तिची चाचणी फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. एप्रिल 2025 पासून ती जुन्या संभाषणांचाही आधार घेऊ लागली. इथेही मॉडेल बदलत नाही. वेगळ्या साठवलेल्या नोंदी किंवा जुन्या गप्पांतला मजकूर नव्या संभाषणाला जोडला जातो, इतकेच. ही सोय चालू असती, तर मुलीला दुसऱ्या दिवशी सहीची गोष्ट ओळखीची निघाली असती. पण खाते आईचे असल्यामुळे तीच गोष्ट आईच्या एखाद्या प्रश्नाच्या उत्तरातही डोकावू शकली असती.

मॉडेलला ठाऊक नाही म्हणजे गुपित पुसले गेले, असा अर्थ मुले काढतात, आणि मोठेही काढतात. तो चुकीचा आहे. आईच्या मोबाइलवर जुन्या संभाषणांच्या यादीत ती रात्र शब्दशः शाबूत असते, बहुधा अॅपने आपणहून दिलेल्या शीर्षकासकट. शिवाय मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर गेलेला असतो. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील व्यक्ती म्हणजे मूल. त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, अशी तरतूद त्यात आहे. मूल आईच्या खात्यावरून लिहीत असेल, तर लिहिणारे मूल आहे हे कंपनीला कळेलच असे नाही.

तेव्हा मुलाच्या हाती आपला मोबाइल देणाऱ्या पालकांनी सेटिंगमध्ये स्मृती चालू आहे का, ते आधी पाहावे. मजकूर काढायचा असल्यास दोन्ही ठिकाणी काढावा. चॅटजीपीटीत संभाषण पुसले तरी त्यातून साठवलेली नोंद आपोआप जात नाही, ती वेगळी पुसावी लागते.