कापलेला पीएफ भरलाच नाही तर

एका कामगाराचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये आहे असे धरू. दरमहा त्याचे १,८०० रुपये कापले जातात आणि मालकानेही तेवढेच भरायचे असतात. त्यातले १,२५० पेन्शन खात्यात जातात. पण १४ महिने पासबुकात नोंदच नाही. म्हणजे ५०,४०० रुपये थकले. शिवाय नऊ वर्षांचीच सेवा नोंदली गेल्याने, पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षे भरत नाहीत. ते १४ महिने जमा झाले, तर भरतात.

अशा वेळी भविष्य निर्वाह निधीच्या प्रादेशिक आयुक्तांकडे महिनावार तक्ता जोडून लेखी तक्रार द्यावी. सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे कपात दाखवणारी पगारपावती आणि त्याच महिन्याचे कोरे पासबुक. पावती नसेल तर पगार जमा झाल्याचे बँक स्टेटमेंट, नेमणूकपत्र, हजेरीकार्ड द्यावे. बँकेतली रक्कम नोकरी सिद्ध करते, कपात नव्हे. म्हणून आयुक्तांनी मालकाचे पगारपत्रक मागवावे, असा अर्ज आवर्जून करावा. चौकशीत कागदपत्रे हजर करायला लावण्याचा अधिकार त्यांना असतो. रक्कम ठरल्यावर ती मालमत्ता जप्त करूनही वसूल होऊ शकते.