एकाच खाणीचे दोन परतावा दर

आयआरआर म्हणजे अंतर्गत परतावा दर. या दराने सर्व जमा-खर्च आजच्या किमतीत आणले, की बेरीज शून्य होते.

अडचण कुठे? सुरुवातीला खर्च आणि नंतर फक्त जमा असेल, तर चिन्ह एकदाच बदलते व उत्तर एकच मिळते. देकार्तच्या 1637 मधील नियमानुसार चिन्हे जितक्या वेळा बदलतात, जास्तीत जास्त तितकी उत्तरे संभवतात.

उदाहरण: दगडखाणीत आज 100 लाख गुंतवले. वर्षाने 230 लाख आले. दुसऱ्या वर्षाअखेर खड्डा बुजवायला 132 लाख गेले. चिन्हे दोनदा बदलली, म्हणून 10% आणि 20% हे दोन्ही दर गणितात बरोबर बसतात. एक्सेल मात्र एकच दाखवते: A1:A3 मध्ये -100, 230, -132 भरून `=IRR(A1:A3,0.05)` दिल्यास 10%, अंदाज `0.3` दिल्यास 20%. दुसरे उत्तर आहे, याची सूचना मिळत नाही.

सुधारित दर (एमआयआरआर): भांडवलाचा खर्च 12% धरू.

- खर्च आजच्या किमतीत: 100 + 105.23 = 205.23 लाख.
- जमा दुसऱ्या वर्षाअखेर: 230 × 1.12 = 257.6 लाख.
- भागाकार 1.2552, त्याचे वर्गमूळ सुमारे 1.1203, म्हणजे दर 12.03%.

आता एक खर्च, एक जमा, म्हणून उत्तरही एकच. सूत्र: `=MIRR(A1:A3,12%,12%)`.

मर्यादा: दर आपणच पुरवायचा असतो. 8% धरल्यास उत्तर 7.95%, भांडवलाच्या खर्चापेक्षा कमी, म्हणजे तीच खाण तोट्याची.