उभी झिरी चालते, आडवी का नाही?

जुन्या घरात एसी बसवायचा ठरला किंवा पलंगाशेजारी नवा स्विचबोर्ड हवा झाला, की भिंतीवर पेन्सिलची रेघ पडते आणि कटर सुरू होतो. रेघ बहुधा सर्वांत जवळच्या वाटेने, म्हणजे जुन्या बोर्डापासून नव्या बोर्डापर्यंत सरळ आडवी मारलेली असते. वरच्या मजल्याचे वजन पेलणाऱ्या विटांच्या भिंतीत हीच वाट सर्वांत घातक असते.

उभ्या झिरीने भिंतीची लांबी तेवढ्या पट्ट्यापुरती कमजोर होते. वरून येणारे वजन झिरीच्या दोन्ही बाजूंनी खाली उतरते. आडवी झिरी मात्र त्या वजनाची वाटच कापते. नऊ इंची भिंत म्हणजे सुमारे २३० मिलिमीटर. तिच्यात ७७ मिलिमीटर खोल आडवी झिरी मारली, तर तिथे १५३ मिलिमीटर जाडी उरते. उरलेल्या जाडीचा मध्य ३८ मिलिमीटर मागे सरकतो, पण वरचे वजन साधारण पूर्वीच्याच मध्यावरून येत राहते. वजन असे मध्यापासून जाडीच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त सरकले, की पलीकडची बाजू दाबाखाली न राहता ताणात येते. इथे तो षष्ठांश जेमतेम २५ मिलिमीटर आहे. विटांचा सांधा दाब छान सोसतो, ताण जवळजवळ सोसतच नाही. म्हणून झिरी या खोलीत आणि तडा शेजारच्या खोलीत, असे होऊ शकते.

हीच झिरी ३८ मिलिमीटर खोल ठेवली, तर मध्य १९ मिलिमीटरच सरकतो आणि मर्यादा ३२ची असते. भिंत दाबातच राहते. वजन पेलणाऱ्या भिंतीसाठी आयएस १९०५ हे भारतीय मानक उभ्या झिरीला जाडीच्या एक तृतीयांश आणि आडवीला फक्त एक षष्ठांश खोली देते, त्याला हे गणित चपखल लागू पडते. आडवी झिरी टाळावीच, आणि अगदीच अडले तर ती एक मीटरपेक्षा लांब नको, असेही त्यात आहे. उभ्या झिऱ्यांमध्ये दोन मीटरचे अंतर आणि दार-खिडकीपासून ३४५ मिलिमीटर मोकळे सोडायला सांगितले आहे. वजन पेलणारी भिंत अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंची असेल, तर तिला झिरी मारूच नये. पोकळ विटांची भिंत एकदा बांधून झाली, की तिलाही नाही.

समजा दोन बोर्डांत तीन मीटर अंतर आहे. जुन्या बोर्डापासून उभी झिरी वर न्यावी, छताखाली भिंतीवरून पट्टी-केसिंगमधून वायर फिरवावी आणि नव्या बोर्डावर उभीच खाली आणावी. वायर दुपटीने लागेल, केसिंग थोडे दिसेल. मला तो सौदा पूर्ण मान्य आहे.

उभी झिरीही नुसत्या छिन्नी-हातोड्याने फोडू नये. धक्क्याने आजूबाजूचे सांधे सुटतात. कटरने आधी दोन समांतर रेघा ठरलेल्या खोलीपर्यंत कापाव्यात आणि मधला भाग हलक्या हाताने काढावा. पाईप हुकांनी घट्ट बसवून, झिरी भिजवून सिमेंट-वाळूच्या मालाने ठासून भरावी, वर दोन्ही काठांच्या पलीकडे जाईल एवढी कोंबडी जाळी मारून मग प्लास्टर करावे. जाळी वगळली, की काठालगत सरळ केसासारखी चीर दिसते. ती प्लास्टरपुरती असते. पण चीर सांध्यांच्या पायऱ्यांनी चढत असेल किंवा भिंतीच्या पाठीमागेही उमटली असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे.

आरसीसी फ्रेमच्या इमारतीत साडेचार इंची भिंत फक्त आडोसा असते, तिथे थोडी मोकळीक मिळते. तरी एकाच जागी दोन्ही खोल्यांचे स्विचबॉक्स पाठीला पाठ लावून बसवू नयेत. प्रत्येकी पन्नास मिलिमीटरचे दोन बॉक्स ११५ मिलिमीटरच्या भिंतीत जवळजवळ आरपार भोकच पाडतात.

बीम आणि स्लॅब यांना मात्र बांधकामानंतर हात लावू नये. स्लॅबच्या खालच्या सळीवर साधारण २० मिलिमीटर काँक्रीट असते. २५ मिलिमीटरचा पाईप खालून बुजवायचा, तर सळी उघडी पडणार किंवा कापली जाणारच, आणि खोलीच्या मधोमध स्लॅबला सर्वांत जास्त गरज त्याच सळीची असते. पंख्याचा पाईप काँक्रीट ओतण्याआधी वरच्या आणि खालच्या सळ्यांच्या मध्ये बांधायचा असतो. १२५ मिलिमीटरच्या स्लॅबमध्ये एक पाईप सहज सामावतो. दोन पाईप एकमेकांवरून गेले, तर ५० मिलिमीटर काँक्रीट तिथे उरतच नाही, म्हणून ते एकमेकांपासून दूर पसरावेत. बीममधून पाईप न्यायचाच असेल, तर जागा इंजिनिअरने नकाशावर ठरवून सेंटरिंगमध्येच स्लीव्ह ठेवावी लागते. कापताना कटरच्या पात्याखाली ठिणग्या उडाल्या, तर सळी लागली आहे. तिथेच काम थांबवावे.