विषय सारखा म्हणून तिकीट एकच नव्हे

सपोर्टच्या सामायिक पत्त्यावर आलेल्या मेलवरून तिकीट (तक्रारीची क्रमांकित नोंद) आपोआप तयार करता येते. विषयाची ओळ सारखी असली की दोन्ही मेल एकाच तक्रारीचे, असा अनेकांचा समज असतो. पण ‘प्रिंटर बंद’ असे दोन शाखांनी लिहिले, तर बिघाड दोन असतात.

दवाखान्यात जुना केसपेपर नुसत्या नावावरून काढत नाहीत, क्रमांक पाहतात. मेलचेही तसेच आहे. प्रत्येक मेलला `Message-ID` ही स्वतंत्र खूण असते आणि त्याला उत्तर दिले की ती खूण उत्तराच्या `In-Reply-To` या ओळीत येते. ती ओळखीची निघाली तर मजकूर जुन्या तिकिटात जोडायचा, नाहीतर नवे तिकीट उघडायचे. ग्राहकाने ‘रिप्लाय’ न करता नवाच मेल लिहिला, तर हा दुवा तुटतो. तेव्हा विषयातला `[#4512]` असा तिकीट क्रमांक उपयोगी पडतो. तोही नसेल, तर माणसाने पाहून दोन तिकिटे एकत्र करावीत.

‘मी रजेवर आहे’ अशा आपोआप उत्तरांत बहुधा `Auto-Submitted: auto-replied` ही ओळ असते. ती दिसली की तिकीट उघडू नये आणि पोचही पाठवू नये. नाहीतर दोन्हीकडची यंत्रे एकमेकांना उत्तरे देत राहतात आणि खऱ्या तक्रारी त्या ढिगाखाली दबतात.