ट्यूबलाइटमधल्या हरवलेल्या दोन रेषा

कोलशेतमधल्या जुन्या इमारतींच्या जिन्यांत अजूनही कुठे कुठे पाऱ्याच्या वाफेची लांब ट्यूबलाइट सापडते. रात्री तिचं प्रतिबिंब एखाद्या सीडीवर तिरपं धरून पाहा. रंगांच्या पट्ट्यात एक निळी आणि एक हिरवी रेघ उठून दिसते. वर्णपटमापकाला त्यांच्या अलीकडे एक फिकी जांभळीही सापडते. त्यांच्या तरंगलांबी अनुक्रमे 435.8, 546.1 आणि 404.7 नॅनोमीटर.

या तिन्ही रेषा पाऱ्याच्या अणूतल्या एकाच वरच्या पातळीवरून निघतात आणि जवळजवळच्या तीन पातळ्यांवर उतरतात. म्हणजे खाली तीन पातळ्या आहेत, हे नक्की. तिथून अणूने तळाच्या पातळीवर यायचं, तर अतिनील भागात 265.6, 253.7 आणि 227 नॅनोमीटरच्या तीन रेषा दिसायला हव्यात. प्रत्यक्षात झळकते फक्त मधली. ट्यूबमध्ये जाणाऱ्या विजेचा सुमारे 60 टक्के भाग तिच्यातच उतरतो आणि काचेच्या आतला पांढरा लेप तिचंच रूपांतर दिसणाऱ्या प्रकाशात करतो.

बाकीच्या दोघी गेल्या कुठे? फोटॉन अणूतून बाहेर पडताना कोनीय संवेगाचं किमान एक एकक घेऊन जातो. वरून खाली पहिल्या पातळीचा संवेग 2, दुसरीचा 1, तिसरीचा 0, तळाचाही 0. शून्याकडून शून्याकडे जाताना फोटॉनला द्यायला काहीच उरत नाही. दोनाकडून शून्याकडे यायचं, तर एकदम दोन एककं न्यावी लागतात. नेहमीच्या मार्गाने ते होत नाही, जे होतं ते अतिशय मंद. या दोन पातळ्यांवरचे अणू अडकून राहतात. पुढे इलेक्ट्रॉनची धडक त्यांना वर ढकलते किंवा नळीच्या भिंतीवर त्यांची ऊर्जा विरते.

खरं नवल मधल्या रेषेचं आहे, कारण दुसऱ्या एका नियमानुसार तिलाही मनाई आहे. या तिन्ही पातळ्यांमध्ये दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन समांतर असतात आणि तळाशी विरुद्ध. प्रकाशाचं विद्युतक्षेत्र स्पिन उलटवत नाही. मॅग्नेशियममध्ये हा नियम कडक चालतो. तिथे याच जातीची 457.1 नॅनोमीटरची रेषा अत्यंत दुबळी असते, कारण तिच्या पातळीवर अणू काही हजारांश सेकंद रेंगाळतो. पाऱ्याच्या केंद्रकावर 12 ऐवजी 80 धनभार. त्याच्या जवळून इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने जातो, की त्याचा स्पिन आणि भ्रमण एकमेकांत घट्ट गुंततात. त्यामुळे समांतर स्पिनच्या मधल्या पातळीत, तोच संवेग 1 पण विरुद्ध स्पिन असलेल्या वेगळ्या पातळीचा थोडा अंश मिसळतो. तेवढ्यावर अणू सुमारे 120 नॅनोसेकंदांतच तळाशी येतो. संवेग 0 आणि 2 असलेल्या पातळ्यांना असा जोडीदार मिळत नाही.

तरी 265.6 ची रेषा पूर्ण पुसलेली नाही. पाऱ्याच्या 199 आणि 201 या समस्थानिकांच्या केंद्रकांनाही स्पिन असतो आणि साध्या पाऱ्यात त्यांचा वाटा सुमारे 30 टक्के आहे. हा स्पिन शून्य संवेगाच्या पातळीला किंचित ढवळतो आणि रेषा पुसटशी उमटते. ती जितकी मंद, तितकी अरुंद. म्हणूनच पारा-199 च्या उदासीन अणूंवरची प्रकाशीय अणुघड्याळं ह्याच रेषेवर चालवली जातात.